पुळणीवरचा कडक शॉट मैदानावर बारच्या वरून का जातो?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आकडेमोड घाईत झाली होती, ती इथे नीट मांडली आहे. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज थेट मुद्द्यावर येतो, कारण या वेळचा प्रश्नच भारी आहे. देवबागच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवलाय. नाव घेत नाही, पण वय सोळा, उजव्या पायाचा खेळाडू. तो म्हणतो, "दादा, पुळणीर माझो शॉट एकदम कडक बसता. पण बोर्डिंग ग्राउंडार इलंय काय बॉल बारच्या वरसून जाता. पाय तोच, ताकद तीच. मगे असा कित्याक?"

ज्यांना मालवणी कळत नाही त्यांच्यासाठी: पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. आणि हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. चिवला, दांडी, तारकर्ली, कुठेही जा, संध्याकाळी पोरं वाळूवर खेळत असतात. त्यातली बरीचशी मग शाळेच्या किंवा तालुक्याच्या स्पर्धेत मातीच्या मैदानावर उतरतात आणि पहिले दहा मिनिटं चेंडू गोलच्या मागून शोधून आणण्यात जातात. सिलेक्शनची मॅच असेल तर दहा मिनिटं म्हणजे बरंच काही.

त्याच्या प्रश्नातच एक गंमत लपलीय. "पाय तोच" असं तो म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात चेंडू मारणारा उजवा पाय आहे. माझं म्हणणं असं, की त्याने डाव्या पायाकडे बघावं. जो पाय चेंडूला लागतच नाही, तो.

आधी किक कुठली ते स्पष्ट करू. आपण इनस्टेप किकबद्दल बोलतोय. बुटाची लेस बांधतो ती जागा, म्हणजे पावलाची वरची बाजू, तिथलं कडक हाड चेंडूला लागतं. बोटाने मारलेला शॉट नाही, आणि आतल्या कडेने दिलेला पासही नाही. लांबून जोरात गोलवर मारायचं असेल तर हीच किक. अनवाणी खेळणाऱ्यांना तर पर्यायच नसतो. बोटाने जोरात मारून बघा, दुसऱ्या दिवशी चप्पल घालता येणार नाही.

आधी ब्रेक, मग वेग

सगळ्यांना वाटतं की जोर मांडीतून येतो. मांडी जाड तर शॉट कडक. हे अर्धंच खरं आहे. मांडीत ताकद पाहिजे, पण चेंडूला लागतं ते पाऊल, आणि पावलाला वेग मिळतो तो साखळीतून. कंबर, मग मांडी, मग नडगी, मग पाऊल. एकेक कडी आपला वेग पुढच्या कडीला देते आणि स्वतः मंदावते.

ओला टॉवेल वाळत घालताना तुम्ही झटकता ना? हात पुढे नेता आणि एकदम थांबवता. हात थांबतो तेव्हा टॉवेलचं टोक फटकन वाजतं. हात न थांबवता नुसता पुढे नेत राहिलात तर टॉवेल मुकाट मागून येतो, आवाज नाही की काही नाही. पायाचंही असंच आहे. नडगी आणि पाऊल म्हणजे टॉवेलचं टोक. ते फटकन पुढे यायचं असेल तर वरचं काहीतरी थांबायला हवं.

पहिला थांबा घेतो तो रोवलेला पाय. आपल्या श्रोत्याचा डावा.

कसाल-मालवण रस्त्यावर एसटीत उभं राहून प्रवास केलाय? ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला की गाडी थांबते, तुमचे पाय गाडीबरोबर थांबतात, पण तुमचं वरचं अंग पुढे जातं. धावत येऊन डावा पाय जमिनीवर रोवणं म्हणजे तोच ब्रेक. पाऊल थांबलं, पण धावण्याचा वेग अंगात आहेच. तो आता जाणार कुठे? डावा खुबा दरवाज्याच्या बिजागरीसारखा जागेवर राहतो आणि उजव्या बाजूची कंबर त्याच्याभोवती फिरून पुढे येते. दरवाजा जोरात लावायचा तर बिजागरी घट्ट पाहिजे. बिजागरीच हलत असेल तर दरवाजा नुसता लटपटतो.

या ब्रेकचा भार किती असतो? जोरात इनस्टेप मारताना रोवलेल्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट जोर येतो. तुमचं वजन ५५ किलो असेल तर एका डाव्या पायावर ११० किलोच्या आसपास. म्हणून तो गुडघा ताठ ठेवून चालत नाही, किंचित वाकलेला लागतो. वाकला की भार झेलला जातो. ताठ असेल तर धक्का थेट सांध्यात जातो आणि तोलही सुटतो.

गुडघा मागे का राहतो

आता उजवा पाय. स्लो मोशनमध्ये एखादी चांगली किक बघा. शेवटची ढांग बाकीच्यांपेक्षा लांब असते. त्या लांब ढांगेमुळे उजवी मांडी मागे राहते, टाच जवळजवळ पार्श्वभागाकडे जाते, आणि डावा हात आपसूक बाहेर आणि मागे उघडतो. डाव्या खांद्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत अंगाची पुढची बाजू रबरासारखी ताणली जाते. हात उघडण्यात स्टाइल मारण्याचा भाग नाही, त्या ताणाचा तो एक हिस्सा आहे. हात अंगाला चिकटवून मारून बघा, फरक लगेच कळेल.

मग कंबर फिरते आणि मांडी पुढे येते. नीट बघितलंत तर मांडी पुढे येत असताना गुडघा अजून वाकतच असतो. नडगी मागे रेंगाळते. हे रेंगाळणं फायद्याचं आहे, कारण दुमडलेला पाय फिरवायला हलका पडतो. एक लांब काठी टोकाला धरून फिरवा, मग मधोमध धरून फिरवा. काठी तीच, पण दुसऱ्या वेळी किती सहज फिरते! दुमडलेल्या पायाने मांडी आधी भरपूर वेग घेते.

शेवटच्या टप्प्यात मांडी मंदावते आणि नडगी सुटते. हे सगळं इतकं झटपट होतं की गुडघा सरळ करणारा मांडीचा पुढचा स्नायू शेवटी शेवटी मागे पडतो. नडगी आधीच इतक्या वेगात असते की स्नायू तितक्या वेगात आखडूच शकत नाही. म्हणजे चेंडूला पाय लागायच्या क्षणी "आता जोर लावतो" असं म्हणून काही उपयोग नसतो. जोर लावायची वेळ त्याआधीच गेलेली असते. शेवटच्या क्षणी जोर काढणारा पोरगा दात-ओठ खातो, खांदे वर घेतो, अंग मागे टाकतो, आणि चेंडूला त्यातलं काहीही मिळत नाही.

चेंडू आणि पाऊल एकत्र असतात साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते. तेवढ्यात दोघं मिळून जेमतेम एक वीत अंतर जातात. त्या एका वितीत घोटा ढिला पडला तर पाऊल मागे दुमडतं आणि वेग तिथेच वाया जातो. म्हणून बोटं खाली ताणून घोटा कडक ठेवायचा. घोटा कडक असेल आणि चेंडू बरोबर हाडावर बसला, तर चेंडू पावलापेक्षाही जास्त वेगाने सुटतो. चांगल्या खेळाडूंमध्ये पावलाच्या वेगाच्या सव्वा पटीच्या आसपास. चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, आणि त्यामागे येणारा पाय त्यापेक्षा कितीतरी जड. जड वस्तू हलक्या उसळत्या वस्तूला धडकली की हलकी वस्तू पुढे पळते, तसंच.

पुळणीवर काय होतं

आता हीच साखळी वाळूवर आणू.

कोरड्या भुसभुशीत पुळणीत डावा पाय रोवला की तो रुततो, आणि रुतता रुतता पुढे सरकतो. एसटीचा ब्रेक मारला पण टायर घसरतच राहिले, असं समजा. गाडी थांबते, पण हळूहळू. अंगाला झटका बसत नाही. बिजागरी हलते, कंबर आळसावून फिरते, मांडीला वेग कमी मिळतो, नडगीला त्याहून कमी. वर धावतानाच वाळू वेग खाते, म्हणजे साखळीत मुळात टाकलेलं भांडवलच थोडं.

शिवाय चेंडू वाळूत थोडा बसलेला असतो. त्याचा खालचा भाग खळग्यात. सरळ मधोमध मारायला गेलात तर पाऊल आधी वाळूला घासतं. त्यामुळे पुळणीवर खेळणारा प्रत्येक जण नकळत एक युक्ती शिकतो. डावा पाय चेंडूच्या थोडा मागे रोवायचा, अंग मागे झुकवायचं आणि चेंडूला खालून उचलून मारायचं. वाळूवर ती युक्ती बरोबरच आहे. बीच सॉकर हा आता रीतसर खेळ आहे. सुरतला २०२३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्येही तो होता. तिथले खेळाडूही चेंडू उचलूनच खेळतात. अनवाणी आणि वाळूत तेच शहाणपणाचं आहे.

पण आपल्याकडच्या पुळणीवर आणखी एक गोष्ट नसते. बार! दोन चपला ठेवल्या की गोल तयार. चेंडू चपलांच्या मधून गेला की गोल, डोक्याच्या वरून गेला तर पाच मिनिटं भांडण, आणि शेवटी ज्याचा चेंडू त्याचं खरं. वर्षानुवर्षं तुमचा शॉट किती उंच जातोय हे कोणी मोजतच नाही.

आता हा आपला श्रोता बोर्डिंग ग्राउंडवर येतो. जमीन घट्ट. डावा पाय रोवला की थांबतो. पहिल्यांदाच ब्रेक पूर्ण लागतो, साखळी नीट चालते, पाऊल जास्त वेगाने येतं. पण सवय मात्र जुनीच: पाय मागे, अंग मागे, चेंडूला खालून. काय होईल, ते आकड्यांत बघू.

समजा तो पेनल्टी एरियाच्या रेषेवरून मारतोय. गोलपासून १६.५ मीटर. बारची उंची २.४४ मीटर. दोन्हीकडे चेंडू जमिनीशी २० अंशाच्या कोनात सुटतो असं धरू, कारण सवय तीच आहे. वाळूवर वेग समजा सेकंदाला १८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. घट्ट मैदानावर समजा २२ मीटर, ताशी ७९. हवेचा अडथळा सोडून देऊ.

वाळूवर चेंडूला गोलपर्यंत पोचायला जवळपास एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला बरंच खाली ओढतं आणि गोलवर तो १.३४ मीटर उंचीवर असतो. गोलीच्या छातीशी. कडक शॉट! मैदानावर मात्र त्याला ०.८ सेकंदच लागतात. खाली यायला वेळच कमी मिळतो, आणि गोलवर त्याची उंची भरते २.८८ मीटर. बारच्या ४४ सेंटिमीटर वरून. हवेमुळे हे आकडे खाली येतील, पण मैदानावरचा चेंडू वाळूवरच्यापेक्षा बराच वर राहील.

म्हणजे पोराची किक बिघडली नाही, उलट सुधारली. कोन तोच राहिला आणि वेग वाढला, म्हणून चेंडू वर गेला. यावर "हळू मार रे" असा सल्ला मैदानाबाहेरून येतो. मला तो अजिबात पटत नाही. जो वेग फुकटात मिळाला तो सोडायचा कशाला? कोन कमी करायचा. आणि कोन ठरवण्यात सगळ्यात मोठा हात असतो रोवलेल्या पायाचा.

ठसा वाचा

याचा अभ्यास करायला किनाऱ्यावरच्या पोरांकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या टर्फवाल्यांकडे नाही. ओहोटीची ओली वाळू.

पाणी मागे गेल्यावर जी ओली, सपाट, घट्ट पट्टी उघडी पडते, तिथे पाय फारसा रुतत नाही. जवळजवळ मैदानासारखी. आणि ती ठसा धरून ठेवते. किक मारली की जागेवरून हलू नका. खाली बघा. चेंडू होता तिथे एक गोल खळगा असेल आणि त्याच्या डावीकडे तुमच्या डाव्या पावलाचा ठसा. तुमच्या किकचा सगळा हिशेब तिथे लिहिलेला असतो.

आपल्या श्रोत्याचा ठसा मी न बघता सांगू शकतो. पाऊल खळग्याच्या वितभर मागे असणार. टाचेचा खड्डा खोल आणि बोटं जेमतेम उमटलेली. म्हणजे वजन टाचेवर, अंग मागे. रोवलेला पाय मागे राहिला की मारणारा पाय आपल्या झोक्याच्या सगळ्यात खालच्या जागेवर चेंडूच्या आधीच पोचतो. चेंडूला लागेपर्यंत तो वर चढायला लागलेला असतो. मग चेंडू वर जाणार नाही तर काय होणार?

चांगला ठसा असा दिसतो: पाऊल खळग्याच्या बाजूला, साधारण समांतर. मधलं अंतर एक ते दीड वीत. चेंडूचा व्यास २२ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक वीत, त्यामुळे मधे आणखी एक चेंडू मावेल का ते बघा, अंदाज येईल. टाच आणि चवडा दोन्ही उमटलेले. बोटं जिथे मारायचंय त्या दिशेला. असा पाय पडला की उजवा गुडघा चेंडूच्या वर येतो, छाती चेंडूवर राहते आणि पाऊल चेंडूच्या मधोमध लागतं.

ठसा स्वल्पविरामासारखा पुढे ओढलेला दिसला तर पाय घसरलाय. ब्रेक लागला नाही. बहुतेक वेळा याचं कारण सरळ रेषेत खूप वेगाने धावत येणं असतं. चेंडूच्या अगदी मागून न येता थोडं तिरकं या, ३० ते ४५ अंशांतून. तिरकं आलं की कंबरेला फिरायला जागा मिळते. आणि चार-पाच पावलं पुरे. पंधरा मीटरवरून धावत येणारा चेंडूपाशी पोचेपर्यंत पावलं जुळवण्यातच अडकलेला असतो.

ठसा चेंडूच्या पुढे गेला असेल तर उलटं होतं. चेंडू जमिनीवर दाबला जातो, दोन टप्पे खातो आणि गोलीच्या हातात. चेंडूला खेटून पाय पडला तर उजव्या पायाला झोक्यासाठी जागाच उरत नाही, खुबा अडकतो. हे दोन्ही कमी दिसतं, पण मैदानावर चेंडू वर जातो म्हणून कोणी ओरडलं, की घाबरून पोरं इथे येऊन पोचतात.

सरावाची पद्धत साधी आहे. आधी चेंडू न मारता नुसतं चालत या, डावा पाय चेंडूच्या बाजूला रोवा आणि एका पायावर दोन सेकंद उभे राहा. तोल गेला तर किकसुद्धा तोल गेलेलीच असणार. मग एका पावलातून हलकी किक. मग तीन. प्रत्येक वेळी ठसा बघून पायाने पुसायचा आणि पुन्हा. दोन काठ्या रोवून मधे दोरी बांधा, कमरेएवढी उंच, आणि सात-आठ पावलं मागून चेंडू दोरीच्या खालून घाला. बार नाही ही अडचण तिथेच मिटते. एक विनंती: रापणीची जाळी जिथे सुकत असतात त्या बाजूला हे करू नका. जाळं फाटलं तर फुटबॉलचं काहीही ऐकून घेतलं जाणार नाही.

ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर भरवसा ठेवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पट्टी जास्त रुंद मिळते. घरात कोणी होडीवर जाणारं असेल तर त्यांना विचारा, ॲप उघडायची गरज नाही.

फोन कुठे ठेवायचा

ठसा सांगतो की पाय कुठे पडला. पण तो पडला तेव्हा गुडघा कुठे होता, हे फक्त फोन सांगेल. स्लो मोशन लावा, २४० फ्रेमचा पर्याय असेल तर तो. फोन चेंडूच्या बरोबर बाजूला, सहा-सात मीटर लांब, मांडीच्या उंचीवर. मित्राने हातात धरला तरी चालेल, पण त्याने हलायचं नाही.

मग एकच फ्रेम शोधा. डावं पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलं तो क्षण. तिथे थांबवा. उजवा गुडघा अजून चांगला वाकलेला दिसतोय का, मांडी आणि नडगीत काटकोनाच्या आसपास? टाच मागे वर आहे का? असेल तर टॉवेल अजून झटकायचा बाकी आहे, छान. पण त्या क्षणी पाय आधीच सरळ होत आलेला असेल, तर चाबूक चेंडूच्या आधीच वाजून गेला. मग कितीही ताकद असो, चेंडूला पाय नुसता ढकलतो. अशा वेळी शेवटची ढांग थोडी लांब करून बघा, बहुतेकांना तेवढ्याने फरक पडतो.

वेगही मोजता येतो. चेंडूपासून गोलच्या दिशेने पाच मीटरवर एक चप्पल ठेवा. चेंडू पायापासून सुटल्यापासून चपलेच्या समोर येईपर्यंत किती फ्रेम लागल्या ते मोजा. समजा ६० फ्रेम लागल्या. २४० फ्रेमचा एक सेकंद, म्हणजे ६० फ्रेमचा पाव सेकंद. पाच मीटर पाव सेकंदात, म्हणजे सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. आपल्या श्रोत्याने हे आधी कोरड्या पुळणीत करावं, मग ओल्या पट्टीवर, मग मैदानावर. तिन्ही आकडे मला पाठवावेत. वर मी जे १८ आणि २२ धरले ते उदाहरणापुरते होते, त्याचे खरे आकडे वेगळे असतील आणि तेच त्याच्या कामाचे.

दोन गोष्टी दुखण्याबद्दल

बारा ते सोळा वयात हाडं वाढत असतात. त्या वयात रोज शंभर-शंभर शॉट मारणाऱ्यांना गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगीच्या टोकावर जो उंचवटा असतो तिथे दुखायला लागतं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू तिथे जोडलेला असतो, आणि प्रत्येक किकमध्ये तो तिथे ओढतो. दाबलं की दुखतं, जिना उतरताना दुखतं, कधी गाठीसारखं वर येतं. हे "लागलंय, जाईल" म्हणून रेटू नका. शॉट कमी करा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक पोरांचं हाड वाढायचं थांबलं की ते शांत होतं, पण मधल्या काळात त्यावर खेळत राहिलं की महिनोन्महिने रेंगाळतं.

दुसरं दुखणं रोवलेल्या पायाचं, आणि ते मैदानावर बदल झाला की येतं. पुळण धक्का खाऊन टाकते. जांभ्याच्या लाल मातीचं मैदान खात नाही. सगळा उन्हाळा वाळूवर खेळून एका दिवसात कडक मैदानावर पन्नास जोरदार शॉट मारले, तर दुसऱ्या दिवशी डावा गुडघा आणि घोटा बोलायला लागतात. आणि या मैदानांवर वर बारीक खडी सुटलेली असते. ती पायाखाली छर्र्‌यांसारखी फिरते आणि ब्रेकच जातो. मारायच्या आधी जिथे डावा पाय पडणार तेवढी जागा पायाने साफ करून घ्या. फ्री किकला तर वेळ असतोच. चेंडू ठेवताना सगळे चेंडूखालची जागा सारखी करतात. त्याच्या डावीकडची एक वीत कोणी बघत नाही.